न मागितलेला विमा

गेल्या वर्षी माझ्या परिचयातील एका शिक्षिकेने ३ लाख रुपयांचे वैयक्तिक कर्ज घेतले. खात्यात ३ लाख जमा झाले, पण मंजुरीपत्रावर कर्जाची रक्कम ३,१२,००० होती. मधले १२,००० म्हणजे कर्जविम्याचा एकरकमी प्रीमियम. तो त्यांनी मागितला नव्हता, आणि तो घेतल्याचे त्यांना कोणी सांगितलेही नव्हते. अर्ज प्रतिनिधीने आपल्या टॅबवर भरला आणि यांनी मोबाइलवर आलेला ओटीपी सांगितला. त्या एका ओटीपीत कर्जाची संमती होती, तशीच विम्याचीही धरली गेली.

हे १२,००० कर्जातच मिसळल्यामुळे त्यांवरही व्याज लागते. व्याजदर १४ टक्के, मुदत ४८ महिने. ३ लाखांचा मासिक हप्ता ८,१९८ रुपये झाला असता, तो ८,५२६ झाला. महिन्याला ३२८ रुपयांचा फरक कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. चार वर्षांत मात्र तो १५,७०० रुपयांच्या वर जातो.

हा विमा बहुधा समूह विमा असतो. मुख्य पॉलिसी कर्ज देणाऱ्या संस्थेच्या नावावर असते, कर्जदार तिचा केवळ सदस्य. त्याला मिळते ते विमा प्रमाणपत्र. आमच्या प्रकरणात ते पासवर्ड लावलेल्या पीडीएफच्या रूपात ई-मेलवर येऊन पडले होते. बाईंनी ते अकराव्या दिवशी उघडले, आणि तेच त्यांच्या उपयोगी पडले.

कारण अशा विम्याला 'फ्री-लूक'ची मुदत असू शकते. वैयक्तिक आयुर्विमा पॉलिसीला नियमानेच कागद हाती आल्यापासून ३० दिवस मिळतात. समूह विम्यात ही सोय त्या योजनेच्या अटींवर अवलंबून असते. कर्जदार स्वतः प्रीमियम भरतो अशा अनेक योजनांच्या प्रमाणपत्रावर ती छापलेली आढळते. या मुदतीत विमा रद्द करायला 'मला विचारले नव्हते' हे सिद्ध करावे लागत नाही. अटी पसंत नाहीत, एवढे कारण पुरते. जितके दिवस संरक्षण मिळाले तेवढ्याचा खर्च, मुद्रांक शुल्क आणि झाली असल्यास वैद्यकीय तपासणीचा खर्च वजा होऊन बाकी रक्कम परत येते. नेमकी चूक इथेच होते. फसवणूक झाली म्हणून माणूस शाखेत वाद घालत राहतो आणि तीस दिवस निघून जातात. आधी रद्द करावे, वाद मागाहून.

बाईंना शाखेने विमा कंपनीकडे पाठवले, कंपनीने शाखेकडे. म्हणून आम्ही एकच पत्र दोघांच्या नावे लिहिले : प्रमाणपत्र क्रमांक, कर्ज क्रमांक, प्रमाणपत्र मिळाल्याची तारीख आणि 'फ्री-लूक मुदतीत विमा रद्द करावा' हे एक वाक्य. दोन्हीकडे ई-मेल केला आणि शाखेत प्रतीवर पोच घेतली. सुमारे ११,८०० रुपये परत आले, पण बचत खात्यात! कर्ज होते तेवढेच राहिले, हप्ताही तोच. दुसरे पत्र द्यावे लागले : ही रक्कम मुद्दलात वळती करावी आणि परतफेडीचे नवे वेळापत्रक द्यावे. त्यानंतर हप्ता ८,२०० च्या आसपास आला. परतावा आला म्हणून काम संपले असे समजू नये, ते यासाठी.

मुदत उलटून गेली असेल, तर मात्र संमतीचा प्रश्न कळीचा ठरतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर झालेल्या किरकोळ मुदत कर्जांसोबत मुख्य तथ्य विवरण देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. त्यात संस्थेमार्फत तिसऱ्या पक्षाला जाणाऱ्या रकमांचा रकाना असतो. विम्याचा आकार तिथे दिसायला हवा आणि वार्षिक टक्केवारी दरातही धरलेला हवा. विवरणात नसलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. रकाना रिकामा आणि कर्ज १२,००० नी फुगलेले, असे असेल तर तक्रारीला यासारखा पुरावा नाही. संस्थेकडे संमतीची नोंद मागावी : सही केलेला सदस्यत्व अर्ज, प्रकृतीविषयीचे निवेदन, ओटीपीसोबत पाठवलेल्या संदेशाचा मजकूर. लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. विमा कंपनीविरुद्धची तक्रार विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा'वर नोंदवता येते.

विवरणात आकडा असेल आणि अर्जावर आपलीच सही असेल, तर बाजू लंगडी पडते. मग योजनेच्या अटींप्रमाणे जे समर्पण मूल्य मिळेल तेवढेच हाती येते, आणि ते भरलेल्या प्रीमियमहून बरेच कमी असू शकते. म्हणून कर्ज जमा झाल्याच्या दिवशी मंजूर रक्कम आणि खात्यात आलेली रक्कम शेजारी शेजारी लिहावी. प्रक्रिया शुल्क वजा करूनही फरक उरला, तर तो कुठे गेला हे त्याच दिवशी लेखी विचारावे.