सहा गुणांसाठी दीड पान

उल्हासनगर स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानांत कॉलेजांच्या जाहिराती निघाल्या की गरम टोनरचा वास दिवसभर हटत नाही. अशाच एका दुकानात बदलापूरच्या एका मॅडमचा सहायक प्राध्यापकपदाचा अर्ज छापून निघताना पाहिला. प्राचार्यांना लिहिलेलं पत्र अडीच पानांचं होतं आणि त्यातलं दीड पान नुसतं संशोधन. पुढे जोडलेल्या बायोडेटात तेच संशोधन पुन्हा, अगदी त्याच वाक्यांत. एवढ्या कष्टाचं काम कोणी वाचणार तरी का, या विचाराने मी त्यांच्याशी बोलायला लागलो. त्या अंबरनाथला आपल्या जुन्या विभागप्रमुखांना अर्ज दाखवायला निघाल्या होत्या. मीही सोबत गेलो.

मॅडमची पीएच.डी. रसायनशास्त्रातली, विषय वालधुनीच्या गाळातले जड धातू. अंबरनाथ-उल्हासनगरच्या कारखान्यांचं सांडपाणी वर्षानुवर्षं पोटात घेणारी ही नदी. नमुने कुठून घेतले, कोणत्या आम्लात किती वेळ उकळले, यंत्र कोणतं, तरंगलांबी किती, सगळं पत्रात होतं.

सरांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, "सहा गुण."

सर निवड समित्यांवर बसलेले. यूजीसीच्या 2018च्या नियमावलीत कॉलेजसाठी उमेदवारांची छाननी करण्याचा तक्ता आहे. त्यात पीएच.डी.ला 25 गुण, सेटला 5, शिकवण्याच्या अनुभवाला वर्षाला 2 या हिशेबाने जास्तीत जास्त 10. शोधनिबंधालाही प्रत्येकी 2, पण कमाल मर्यादा सहा. म्हणजे तीन निबंधांनंतर चौथ्याने गुण वाढत नाहीत. हे गुण बायोडेटा आणि त्याला जोडलेल्या पुराव्यांवरून मोजले जातात, पत्राला त्यात एकही गुण नाही. शिवाय ते फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते. निवड मुलाखतीवरच होते.

मग पत्रात संशोधन लिहायचंच कशाला? मॅडमनी हे जरा दुखावल्या आवाजातच विचारलं. सरांचं उत्तर मला फार पटलं. तक्त्याला निबंध मोजता येतात, पण त्या निबंधांतून तुम्ही काय शोधत होता हे त्याला सांगता येत नाही. ते पत्राने सांगायचं. समोर विद्यापीठाने पाठवलेले विषयतज्ज्ञ असतात, तसे संस्थेचे अध्यक्षही असतात, आणि त्यांचा विषय रसायनशास्त्र असेलच असं नाही. पत्रात जे लिहाल त्यावरच पहिला प्रश्न येण्याचा संभव जास्त. तरंगलांबी लिहिलीत तर तरंगलांबीच विचारतील.

त्यांनी पेन्सिल घेतली आणि दीड पानाच्या चार ओळी केल्या. पहिल्या ओळीत प्रश्न: पावसाळ्यात नदीला पूर आला की गाळातले धातू वाहून जातात की तिथेच राहतात? दुसरीत काय केलं: नदीच्या वरच्या आणि खालच्या टप्प्यांतले नमुने पावसाआधी व नंतर तपासले. तिसरीत मुख्य निष्कर्ष, एकच. चौथी ओळ मॅडमच्या मूळ पत्रात नव्हतीच: याच नदीवर तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून कॉलेजच्या प्रयोगशाळेत परवडेल असा कोणता प्रकल्प करून घेता येईल. पदवी कॉलेजला ही ओळ सगळ्यांत महत्त्वाची वाटते आणि बायोडेटात तिला जागाच नसते.

बायोडेटात मात्र सरांनी काटकसर करू दिली नाही. प्रत्येक निबंधाचे सर्व लेखक छापलेल्या क्रमाने, शीर्षक, नियतकालिक, आयएसएसएन, खंड, पानं, वर्ष. यंत्रांची नावं, पद्धती आणि परिषदा तिथेच.

हे पाहताना एक तफावत सापडली. पत्रात "पाच शोधनिबंध प्रसिद्ध", बायोडेटात चार प्रसिद्ध आणि एक अजून संपादकांकडे. मॅडमनी फसवण्यासाठी लिहिलं नव्हतं, घाईत झालं होतं. पण हिशेब करा: चार निबंधांचे आठ होतात, पाचांचे दहा, आणि मिळतात दोन्ही वेळा सहाच गुण. त्या पाचव्या आकड्याने काही मिळत नव्हतं, फक्त विश्वास जाणार होता. सरांनी "चार" केलं आणि बायोडेटात प्रकाशित, स्वीकृत आणि पाठवलेले असे वेगळे गट करायला सांगितलं.

विद्यापीठाच्या विभागासाठी गणित थोडं बदलतं. तिथे निबंधांची मर्यादा 10 गुणांची, पीएच.डी.ला 30, आणि पुढच्या पाच वर्षांत काय करणार यावर पत्रात एक परिच्छेद वाढवायला हरकत नाही. आयआयटीसारख्या संस्था संशोधनाचा आराखडा वेगळा कागद म्हणून मागतात. तो पत्रात कोंबू नये.

कॉलेजसाठी अर्ज करणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: पत्र एका पानात बसवा, संशोधनाला त्यात एकच परिच्छेद द्या, आणि वाणिज्य शिकवणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याला तो वाचायला देऊन कागद परत घ्या. तुमचा प्रश्न काय होता हे त्यांना सांगता आलं नाही, तर परिच्छेद पुन्हा लिहा. आणि त्यातली प्रत्येक संख्या बायोडेटाशी जुळवल्याशिवाय सही करू नका.