उलटी वाचावी अशी लेखनसूची

निवृत्त अभ्यासकाच्या गौरवग्रंथाला प्रस्तावना लिहायची म्हणजे अख्ख्या आयुष्याचं काम दहा-पंधरा पानांत बसवायचं. संपादक आधी लेखनसूची समोर घेतो आणि बहुतेकदा तिथेच फसतो. अमुक साली अमुक ग्रंथ, मग तमुक लेख, मग पुरस्कार. सगळं खरं असतं, पण वाचकाला अभ्यासक भेटत नाही. ती सूची एखाद्या प्रश्नाभोवती मांडली, की मात्र अचंबा वाटावा असं काही दिसू लागतं.

एलिनॉर झेलियट यांचंच पाहा. मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजात इतिहास शिकवून त्या १९९७ मध्ये निवृत्त झाल्या. २००८ साली मनू भगवान आणि ॲन फेल्डहाउस यांनी त्यांच्या गौरवार्थ दोन ग्रंथ संपादित केले. एकाचा भर दलितांवर आणि दुसऱ्याचा धर्म व जातीवर. आता अशा अभ्यासकाचं धर्माच्या अभ्यासातलं योगदान सांगायचं तर सुरुवात कुठून करायची?

सूचीत पहिलं मोठं काम १९६९ सालचा पीएच.डी.चा प्रबंध, विषय डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ. म्हणजे विसावं शतक. पुढे १९८० साली चोखामेळा आणि एकनाथ यांच्यावरचा लेख येतो, नंतर एकनाथांच्या भारुडांवरचा. २००५ मध्ये अस्पृश्य संतांवरचा ग्रंथ येतो, रोहिणी मोकाशी-पुणेकर यांच्यासोबत संपादित केलेला. लेखनाची सालं पुढे सरकतात आणि विषय मात्र चौदाव्या-सोळाव्या शतकाकडे मागे जातात! हा प्रवास नुसता नोंदवून भागत नाही. तो का झाला, हे सांगणं हेच प्रस्तावनेचं काम.

कारण त्या विषयातच आहे. देवळाबाहेर ठेवलेला समाज हक्क मागायला उभा राहतो, तेव्हा त्याच परंपरेतून त्याला काय हाताशी येतं? चोखोबा होते. मंगळवेढ्याचे महार, विठ्ठलाचे भक्त. त्यांची समाधी आजही पंढरपुरात महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे, म्हणजे मंदिराच्या दाराशी, बाहेर. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळ इतिहासावरचा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. आठ वर्षांनी त्यांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. चोखोबांबद्दलचा आदर आणि चोखोबांच्या वाटेने न जाण्याचा निर्णय, दोन्ही एकाच माणसाचे. हा ताण झेलियट यांच्या अभ्यासाच्या मुळाशी आहे.

दुसरीकडे पैठणचे एकनाथ. ते ब्राह्मण, पण त्यांच्या भारुडात महार जोहार घालतो आणि ऐकणाऱ्यांना शहाणपण सांगतो. झेलियट यांनी या दोघांना शेजारी ठेवलं. एक खालून आलेला आवाज, दुसरा वरच्याने खालच्याला दिलेला आवाज. आधुनिक काळात बदल मागणाऱ्यांना परंपरेतून पाठबळ मिळण्याच्या या दोन वेगळ्या तऱ्हा आहेत. दोन्हींना मर्यादाही आहेत. चोखोबांच्या नावावरच्या काही अभंगांत हीन जन्म हे पूर्वकर्माचं फळ मानलेलं आहे, ते चळवळीला कसं पटावं? आणि एकनाथांच्या समतेने गावातली पाणवठ्याची रीत बदलली नाही.

प्रस्तावनेत हे कसं उतरतं? ‘झेलियट यांनी दलित अभ्यासात मोलाची भर घातली’ हे वाक्य घ्या. नाव बदलून दुसऱ्या कुणाचं घातलं तरी ते तसंच उभं राहतं, म्हणून ते काढायचं. ‘संतांचा काळ आणि आंबेडकरांची चळवळ हे दोन वेगळे विषय आहेत, ही समजूत त्यांनी मोडली’ हे वाक्य मात्र दुसऱ्या नावाने सहजासहजी चालणार नाही. ते ठेवायचं आणि पुढची दोन पानं त्याच्या पुराव्याला द्यायची.

इथे आणखी एक सावधगिरी लागते. चोखोबांचे अभंग आधी तोंडोतोंडी आले, मग वह्यांत, मग छापील गाथ्यांत. मूळचं किती आणि नंतरच्या भक्तांनी घातलेलं किती, हे वेगळं काढता येत नाही. ‘चौदाव्या शतकात चोखोबा म्हणाले’ असं प्रस्तावनेत लिहिलं, तर ते योगदानाचा सारांश न राहता अभ्यासकाच्या नावावर खपवलेला दावा होतो. ‘चोखोबांच्या नावे गायले जाणारे अभंग’ एवढंच लिहिणं जास्त खरं. त्यातून पुढचा प्रश्नही आपोआप निघतो: ते अभंग कुणी जपले, आणि कशासाठी?

प्रस्तावनेच्या शेवटी ग्रंथातल्या प्रत्येक लेखाची परिच्छेदभर ओळख करून द्यायची असते. कंटाळवाणं वाटणारं हे काम खरी परीक्षा घेतं. सारांशातला प्रश्न नेमका पकडला असेल, तर एखादा लेख त्याचं उत्तर देताना दिसतो, दुसरा त्याला विरोध करताना, तिसरा तोच प्रश्न दुसऱ्या प्रांतात नेताना. लेख जागेवर बसत नसतील, तर दोष बहुधा लेखांचा नसतो. अशा वेळी आधीची पानं पुन्हा लिहायला घ्यावीत.