मुदत संपलेलं डोमेन सोडवणं आणि धंदा न थांबवता ते दुसरीकडे नेणं

मंडळी, आज आपण दोन कामं एकत्र घेणार आहोत. पहिलं, मुदत संपलेलं डोमेन परत चालू करणं. दुसरं, ते एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्याकडे नेणं. प्रत्यक्षात ही कामं बहुतेक वेळा एकामागोमाग येतात. डोमेन बंद पडतं, मालक चिडतो आणि म्हणतो, ‘हे इथून काढाच आता.’ आणि त्या घाईतच आठवडाभराचं नुकसान ओढवून घेतो.

आधी कोण काय करतं ते नीट लावून घेऊ, कारण सगळा घोटाळा इथेच होतो. डोमेनच्या मागे तीन वेगळ्या गोष्टी असतात. एक, नोंदणी: हे नाव कुणाचं, कधीपर्यंत. ती केंद्रीय नोंदवहीत असते. .com ची ही नोंदवही, म्हणजे रजिस्ट्री, व्हेरिसाइन ही कंपनी सांभाळते आणि रजिस्ट्रार हा आपला आणि तिच्यामधला परवानाधारक विक्रेता. दोन, नेमसर्व्हर: या नावाची वेबसाइट कोणत्या पत्त्यावर, टपाल कोणत्या सर्व्हरकडे, याची उत्तरं देणारी यंत्रं. तीन, ती वेबसाइट आणि टपालपेट्या जिथे खरोखर आहेत ती जागा. तिघांचं बिल एकाच कंपनीकडून येत असेल तर आपल्याला ती एकच वस्तू वाटते. ती तशी नाही.

डिसेंबर 1999 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या passport.com चं नूतनीकरण राहून गेलं आणि त्यावर अवलंबून असलेल्या हॉटमेलमध्ये लोकांना शिरता येईना. शेवटी बाहेरच्याच एका प्रोग्रामरने 35 डॉलर भरले आणि गाडी सुरू झाली. सर्व्हर ठणठणीत होते, पण नोंदवहीतल्या नोंदीचे पैसे भरलेले नव्हते, एवढंच.

आता एक उदाहरण धरून चालू. सांगलीतला हळदीचा एक व्यापारी, .com डोमेन, ऑर्डरी ईमेलवर येतात. डोमेनची मुदत 3 मार्चला संपली. 12 मार्चला कुणीतरी फोन करून सांगितलं, ‘तुमच्या साइटवर कसल्यातरी जाहिराती दिसताहेत.’

जाहिराती का? मुदत संपल्यावर बरेच रजिस्ट्रार नेमसर्व्हर बदलून नाव स्वतःच्या जाहिरातीच्या पानाकडे वळवतात. टपालही त्याच वेळी अडतं. पाठवणाऱ्याच्या सर्व्हरला काहीच उत्तर मिळालं नाही तर तो सहसा चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पण समोरून स्पष्ट नकार आला, तर पत्र लगेच परत जातं. म्हणजे काही ऑर्डरी उशिरा का होईना मिळतील, काही मिळणारच नाहीत. म्हणून नेहमीच्या गिऱ्हाइकांना फोन आजच करायचा.

पहिली तपासणी अशी:

```
whois example.com
dig NS example.com +short
```

इथे एक गंमत आहे, आणि ती भल्याभल्यांना फसवते. व्हेरिसाइनची नोंदवही .com डोमेन मुदतीच्या दिवशी आपोआप एक वर्षाने पुढे ढकलते. त्यामुळे `Registry Expiry Date` मध्ये पुढच्या वर्षीचा 3 मार्च दिसतो आणि मालक म्हणतो, ‘अहो, मुदत तर आहे!’ मुदत नाही. रजिस्ट्रारने आपल्याकडून पैसे घेतलेले नाहीत आणि तो ही नोंद रद्द करू शकतो. खरी अवस्था `Domain Status` या ओळींत आणि रजिस्ट्रारच्या खात्यात कळते. `autoRenewPeriod` दिसलं, तर आपण सवलतीच्या काळात आहोत.

हा सवलतीचा काळ जास्तीत जास्त 45 दिवसांचा. आपल्या व्यापाऱ्यासाठी तो 17 एप्रिलला संपतो. पण ‘जास्तीत जास्त’ हा शब्द ध्यानात ठेवा. रजिस्ट्रार त्याआधीही डोमेन काढून टाकू शकतो आणि बरेच जण या काळातच नाव लिलावात मांडतात. काढून टाकलं की `redemptionPeriod` लागतो, 30 दिवसांचा. तेव्हा साइट आणि टपाल पूर्ण बंद, डोमेन दुसरीकडे नेता येत नाही आणि जुन्याच रजिस्ट्रारकडे नूतनीकरणाशिवाय सोडवणुकीचं वेगळं, बरंच जास्त शुल्क भरावं लागतं. त्यानंतर पाच दिवस `pendingDelete`. त्या पाच दिवसांत कुणीच काही करू शकत नाही. मग नाव खुलं होतं आणि अशी नावं क्षणात उचलणाऱ्या कंपन्या टपूनच बसलेल्या असतात.

12 मार्चला, म्हणजे नवव्या दिवशी, आपला व्यापारी सुस्थितीत आहे. नेहमीचं शुल्क भरायचं आणि मोकळं व्हायचं. पण खात्यात शिरायला गेला तर पासवर्ड आठवत नाही आणि नवीन पासवर्डची लिंक जाते कुठे? त्याच बंद पडलेल्या डोमेनवरच्या ईमेलला! रजिस्ट्रारने मुदतीआधी साधारण महिनाभर आणि आठवडाभर अशी दोनदा, आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांत एकदा आठवण द्यायची असते. शेवटची आठवण बहुधा त्याच मेलेल्या पेटीकडे गेली असणार. अशा वेळी रजिस्ट्रारच्या मदतकक्षाला फोन करायचा आणि जुनं बिल, नोंदणीतल्या नावाचा ओळखपुरावा द्यायचा. आपल्याकडे आणखी एक भानगड असते. डोमेन वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या खात्यात, त्याच्याच नावावर असतं. मग रजिस्ट्रारच्या लेखी मालक तोच. भांडण नंतर करा, आधी त्याच्याकडून नूतनीकरण करून घ्या.

सवलतीच्या काळात थेट नव्या रजिस्ट्रारकडे नेलं तर? नियमाने काही वेळा जमतं, पण आम्ही ते सुचवणार नाही. साइट बंद असताना त्या प्रक्रियेचे पाच-सात दिवस कशाला घालवायचे? जुन्याकडे पैसे भरले तर नेमसर्व्हर बहुतेक वेळा त्याच दिवशी पूर्ववत होतात. आधी चालू करा, मग हलवा.

पैसे भरले, `dig` मध्ये जुने नेमसर्व्हर परत दिसू लागले. तरी काहींना साइट दिसते, काहींना जाहिराती. याचं कारण, .com च्या यादीतल्या नेमसर्व्हरच्या नोंदी इतर यंत्रांनी 172800 सेकंद, म्हणजे दोन दिवस जपून ठेवायला हरकत नसते. गूगल आणि क्लाउडफ्लेअर यांच्या सार्वजनिक डीएनएसमधली जुनी आठवण त्यांच्या वेबपानावरून आपल्याला पुसता येते, तेवढं करावं. बाकीच्यांसाठी दोन दिवस थांबायचं. या काळात घाबरून सेटिंग बदलत बसू नका.

आता स्थलांतर. कधी करायचं? 17 एप्रिल उलटल्यावर. कारण पैशाचं आहे. मुदतीनंतरच्या 45 दिवसांत डोमेन दुसरीकडे गेलं, तर नोंदवही ते आपोआप वाढवलेलं वर्ष मागे घेते आणि फक्त स्थलांतराचं एक वर्ष मिळतं. जुन्या रजिस्ट्रारला त्याचे पैसे परत मिळतात, आपल्याला मिळतीलच असं नाही.

स्थलांतराने साइट बंद पडते असा समज आहे. तो अर्धाच खरा. नोंदवहीत फक्त रजिस्ट्रारचं नाव बदलतं, नेमसर्व्हरच्या ओळींना हात लागत नाही. बंद पडते ती दुसऱ्याच कारणाने: नेमसर्व्हर जुन्या रजिस्ट्रारचे असतात, आणि गिऱ्हाईक गेलं म्हणून तो त्यावरच्या नोंदी पुसून टाकतो. म्हणून उत्तरं देणारी यंत्रं आधी हलवायची आणि नोंदणी मागून.

नव्या ठिकाणी, मग ती स्वतंत्र डीएनएस सेवा असो वा नवा रजिस्ट्रार आधीच देत असलेली, सगळ्या नोंदी जशाच्या तशा उतरवायच्या. वेबसाइटचा पत्ता आणि टपालाचा एमएक्स कुणी विसरत नाही. विसरतात ते टपालाच्या सत्यतेच्या नोंदी. त्यातली डीकेआयएम ही नोंद `google._domainkey` अशा आडनावाखाली असते, आणि बाहेरून ‘सगळ्या नोंदी दाखव’ असं विचारता येत नाही. म्हणून यादी जुन्या पॅनलमधूनच उतरवून घ्यायची. ही नोंद राहिली तर टपाल जातं खरं, पण समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतं, आणि ते तुम्हाला कळतच नाही.

मग नव्या यंत्राला थेट विचारून पाहायचं, जगाला कळण्याआधी:

```
dig MX example.com @ns1.old.example +short
dig MX example.com @ns1.new.example +short
```

दोन्हीकडून अक्षरशः सारखं उत्तर आलं पाहिजे. प्रत्येक नोंदीसाठी हे करा, कंटाळा आला तरी. एकदा दोन्ही यंत्रं एकच सांगू लागली, की जगातलं कोणतं यंत्र कुणाला विचारतंय याने फरक पडत नाही. बंद न पडता हलवण्याचं गुपित म्हणाल तर हेच.

डोमेनवर डीएनएससेक असेल, म्हणजे उत्तरांवर सही असेल, तर नेमसर्व्हर बदलण्याआधी जुन्या रजिस्ट्रारकडून डीएस नोंद काढून किमान दोन दिवस जाऊ द्या. नाहीतर सही जुळत नाही म्हणून तपासणारी यंत्रं `SERVFAIL` देतात आणि काही लोकांना साइट दिसते, काहींना नाही.

आता नेमसर्व्हर बदला आणि जुन्या नोंदी न पुसता पुन्हा दोन दिवस थांबा. त्यानंतर खात्यातलं कुलूप काढा, म्हणजे `clientTransferProhibited` ही ओळ जाईल. ऑथ कोड मागा, जो पाच दिवसांत मिळायला हवा. तो नव्या रजिस्ट्रारकडे देऊन एक वर्षाचं शुल्क भरा. `pendingTransfer` दिसू लागेल. जुन्या रजिस्ट्रारने पाच दिवसांत सबळ कारण देऊन नकार दिला नाही, तर डोमेन आपोआप जातं. तेवढे दिवस साइट आणि टपाल चालूच असतं.

एक सावधगिरी मालकाचं नाव बदलण्याबाबत. डोमेन त्या वेबसाइटवाल्या मुलाच्या नावावरून व्यापाऱ्याच्या नावावर करायचं असेल, तर ते आधी केल्याने 60 दिवसांचं कुलूप लागू शकतं. आधी त्याच्या संमतीने स्थलांतर करा, नाव नंतर बदला. स्थलांतरानंतरही साधारण 60 दिवस पुन्हा हलवता येत नाही, तेव्हा नवा रजिस्ट्रार नीट पारखून घ्या.

पोहोचल्यावर `whois` मध्ये रजिस्ट्रार नवा आणि नेमसर्व्हर तेच आहेत का ते पाहा. कुलूप परत लावा. खात्याचा ईमेल वेगळ्या डोमेनवरचा ठेवा. आणि स्वयंचलित नूतनीकरणावर विसंबू नका: रिझर्व्ह बँकेचे कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीचे नियम ऑक्टोबर 2021 पासून कडक झाले, आणि त्यानुसार मंजुरी न घेणाऱ्या परदेशी कंपनीची वसुली भारतीय कार्डावर नाकारली जाते. .com ची नोंदणी एकूण दहा वर्षांपर्यंत पुढे भरून ठेवता येते. आमच्या मते, ज्या नावावर ऑर्डरी येतात त्याचे निदान पाच वर्षांचे पैसे एकदम भरावेत.