नळीच्या तोंडाशी दाटलेली हवा

नोव्हेंबर १९४२. अमेरिकेच्या हवाई दलातील हॅरल्ड कॉमस्टॉक आणि रॉजर डायर हे दोन लेफ्टनंट पी-४७ थंडरबोल्ट विमानांतून उंचावरून सरळ खाली झेपावले. वेगमापकाने ताशी ७२५ मैल दाखवले. त्या उंचीवर ध्वनीचा वेगही एवढा नसतो! प्रोपेलरचे ते विमान प्रत्यक्षात ध्वनीच्या अलीकडेच राहिले होते. या फसगतीला कारणे अनेक होती. त्यांतले सर्वांत सुंदर कारण हवेच्या स्वभावातच दडलेले आहे.

वेगमापक वेग मोजतच नाही, तो दाब मोजतो. विमानाबाहेर पुढे तोंड करून बसवलेल्या पिटो नळीत समोरची हवा येऊन थांबते आणि तिचा दाब वाढतो. हा दाब आणि भोवतालच्या हवेचा दाब यांतल्या फरकावरून वेग काढायचा. बर्नूलीचे साधे सूत्र सांगते, की हा फरक म्हणजे ½ρV². पण त्यात एक गृहीत लपलेले आहे: थांबताना हवेची घनता बदलत नाही.

सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून दट्ट्या रेटला, की आतली हवा दबते आणि तापते. वेगवान विमानाच्या नळीपुढे नेमके हेच घडते. समजा, विमान १० किलोमीटर उंचीवर मॅक ०.८ ने, म्हणजे ताशी सुमारे ८६३ किलोमीटर वेगाने चालले आहे. बाहेर उणे ५० अंश सेल्सियस. नळीच्या तोंडाशी थांबलेली हवा मात्र उणे २१ अंशांपर्यंत तापते आणि सुमारे ३५ टक्के अधिक दाट होते!

साध्या सूत्राप्रमाणे दाबातला फरक ११९ हेक्टोपास्कल असायला हवा. प्रत्यक्षात तो १३९ भरतो. हा आकडा साध्या सूत्रात घातला, तर वेग ताशी ९३३ किलोमीटर निघतो, खऱ्यापेक्षा ७० ने जास्त. दाबातली ही वाढ अंदाजे M²/4 इतक्या प्रमाणात असते. म्हणून मॅक ०.३ ला ती जेमतेम सव्वादोन टक्के असते आणि लहान विमानात जाणवतही नाही, मॅक ०.८ ला ती १७ टक्क्यांवर जाते.

अचूक सूत्र असे:

p₀/p = (1 + 0.2M²)^3.5

डावीकडे थांबलेल्या आणि भोवतालच्या हवेच्या दाबांचे गुणोत्तर, उजवीकडे फक्त मॅक. आपल्या उदाहरणात भोवतालचा दाब २६५ आणि थांबलेल्या हवेचा ४०४, गुणोत्तर १.५२ आणि उत्तर मॅक ०.८. तापमान किंवा घनता यांपैकी काहीच विचारावे लागत नाही! मॅकमापक याच दोन दाबांवर चालतो. ध्वनीचा वेग ओलांडला, की मात्र नळीपुढे आघात-तरंग उभा राहतो आणि हे सूत्र संपते. तिथे दुसरे सूत्र लागते. पण त्या वेशीपर्यंत, नळीच्या तोंडाशी दाटलेली हवा स्वतःच आपला हिशेब सांगत असते.