पोहणारा तलाव की पोहण्याचा तलाव? जेरंड आणि पार्टिसिपल यांची ओळख

गेल्या वर्षी मंडळाच्या दिवाळी पहाटेचे निमंत्रण आम्ही प्रथमच मराठीबरोबर इंग्रजीतही काढले. शेवटची ओळ होती, ‘वुई लुक फॉरवर्ड टु मीट यू’. पत्रिका घरोघरी पोचल्यावर आमच्याच एका सभासदांच्या नातीने चूक दाखवली. तिथे ‘मीट’ नव्हे, ‘मीटिंग’ हवे होते. का, असे विचारल्यावर ती म्हणाली, “तिथे जेरंड येतो, शाळेत सांगितलंय.” पण जेरंड म्हणजे काय, आणि तसाच दिसणारा पार्टिसिपल वेगळा कसा, हे ना तिला नीट सांगता आले, ना आम्हाला. त्या निमित्ताने थोडे वाचन झाले. उत्तराचा मोठा भाग आपल्या मराठीतच होता, म्हणून हा लेख.

दोन्ही शब्दरूपे क्रियापदापासून बनतात आणि इंग्रजीत दोन्हींच्या शेवटी ‘इंग’ येते. गोंधळ होतो तो यामुळेच. जेरंड म्हणजे क्रियापदापासून झालेले नाम. आपल्या शालेय व्याकरणात त्याला धातुसाधित नाम म्हणतात. पार्टिसिपल बहुधा विशेषणासारखे काम करते, म्हणजे ते धातुसाधित विशेषण होय. ‘स्विमिंग इज गुड एक्सरसाइज’ या वाक्यात ‘स्विमिंग’ हे एका क्रियेचे नाव आहे: पोहणे हा चांगला व्यायाम आहे. ‘लुक अॅट द स्विमिंग डक’ मध्ये तोच शब्द बदकाविषयी काही सांगतो: पोहणारे बदक.

मराठीत हा घोटाळा होत नाही, कारण आपले प्रत्यय वेगळे आहेत. नामासाठी ‘णे’, आणि विशेषणासाठी ‘णारा’ किंवा ‘त’: पोहणे, पोहणारा, वाहते पाणी. हिंदीतही ‘तैरना’ आणि ‘तैरता हुआ’ वेगळे, गुजरातीतही ‘तरवुं’ आणि ‘तरतुं’ वेगळे. एके काळी इंग्रजीतही तसेच होते. जुन्या इंग्रजीत क्रियेच्या नामाला ‘उंग’ किंवा ‘इंग’ लागे आणि विशेषणाला ‘एंडे’. पुढे मध्ययुगात उच्चार बदलत गेले आणि दोन्ही रूपे ‘इंग’मध्ये मिसळली. जर्मन भाषेने ‘उंग’ आणि ‘एंड’ असा भेद आजही राखला आहे.

म्हणून आम्ही मुलांना एकच युक्ती सांगतो. शब्द मनात मराठीत आणा. ‘णे’ आले, किंवा ‘ण्याचा, ण्यासाठी, ण्यात’ अशी विभक्ती लागली, तर इंग्रजीतला ‘इंग’ जेरंड आहे. ‘णारा’, ‘त असलेला’ किंवा ‘ताना’ आले, तर तो पार्टिसिपल आहे. ‘स्विमिंग पूल’ म्हणजे पोहण्याचा तलाव. पोहणारा तलाव म्हटले की हसू येते, आणि तिथेच उत्तर मिळते. ‘वेटिंग रूम’ ही वाट पाहण्याची खोली, वाट पाहणारी नव्हे. ‘स्लीपिंग बॅग’ झोपण्याची पिशवी, पण ‘स्लीपिंग चाइल्ड’ झोपलेले मूल. ‘रनिंग शूज’ धावण्यासाठीचे बूट, पण ‘रनिंग वॉटर’ वाहते पाणी.

कधी कधी एकाच वाक्यात दोन्ही अर्थ दडलेले असतात. ‘बॉइलिंग मिल्क कॅन बी डेंजरस’ हे वाक्य घ्या. एक अर्थ असा, की दूध उकळणे धोक्याचे असू शकते, म्हणजे गॅससमोर उभे राहून करायचे ते काम. इथे ‘बॉइलिंग’ जेरंड आहे आणि ‘मिल्क’ त्याचे कर्म. दुसरा अर्थ असा, की उकळते दूध धोक्याचे असू शकते, म्हणजे पातेल्यातले ते दूधच. इथे ‘बॉइलिंग’ पार्टिसिपल आहे. वाक्यावरून निवाडा करता येत नाही, कारण ‘कॅन’ एकवचन-अनेकवचन पाहत नाही. दुधाऐवजी अंडी घेतली आणि ‘कॅन बी’ काढून टाकले, की फरक उघडा पडतो. ‘बॉइलिंग एग्ज इज ईझी’ मध्ये क्रियापद एकवचनी आहे, म्हणजे कर्ता ‘एग्ज’ नसून ‘बॉइलिंग’ हे काम आहे, म्हणून जेरंड. ‘बॉइलिंग एग्ज आर हॉट’ मध्ये क्रियापद अनेकवचनी, म्हणजे कर्ता अंडी, म्हणून पार्टिसिपल. परीक्षेत शंका आली तर आधी क्रियापद पाहावे.

आता आमच्या निमंत्रणाकडे येऊ. ‘लुक फॉरवर्ड टु’ मधला ‘टु’ हा ‘टु मीट’ या जोडीतला नव्हे. तो शब्दयोगी अव्ययासारखा आहे आणि त्याच्यापुढे नाम लागते. ‘वुई लुक फॉरवर्ड टु युअर रिप्लाय’ असे आपण सहज लिहितो, तिथे ‘रिप्लाय’ नामच आहे. त्याच जागी क्रियापद ठेवायचे, तर त्याचे नाम करावे लागते, म्हणून ‘मीटिंग यू’. मराठीत आपण नकळत हेच करतो: ‘तुम्हाला भेटण्याची वाट पाहतो’. ‘भेट’ धातूला विभक्ती थेट लागत नाही. आधी ‘भेटणे’ हे नाम होते, मग ‘भेटण्याची’.

मात्र मराठीची ही मदत दोन ठिकाणी फसते. पहिले म्हणजे, ‘मला पोहणे आवडते’ याचे इंग्रजी ‘आय लाइक स्विमिंग’ होते आणि ‘आय लाइक टु स्विम’ही होते. ‘णे’वरून तो पार्टिसिपल नाही एवढेच कळते, जेरंड घ्यायचा की ‘टु’चे रूप, हे कळत नाही. ते मुख्य क्रियापद ठरवते. ‘एन्जॉय’पुढे फक्त ‘स्विमिंग’ चालते, ‘वाँट’पुढे ‘टु स्विम’. ही क्रियापदे वापरातूनच लक्षात राहतात.

दुसरे म्हणजे ‘ताना’. ‘सभागृहाकडे येताना माझी छत्री मोडली’ हे निर्दोष मराठी आहे. येणारे आपण, मोडणारी छत्री, आणि कोणालाही शंका येत नाही. पण ते शब्दशः ‘कमिंग टु द हॉल, माय अंब्रेला ब्रोक’ केले, की इंग्रजीत छत्रीच सभागृहाकडे चालत येते. इंग्रजीत असा पार्टिसिपल मुख्य वाक्याच्या कर्त्याला चिकटतो. त्यामुळे ‘व्हाइल आय वॉज कमिंग टु द हॉल, माय अंब्रेला ब्रोक’ असे येणाऱ्याला वाक्यात आणावे लागते.

पार्टिसिपल नेहमी ‘इंग’चाच असतो असे नाही. ‘बॉइल्ड मिल्क’, म्हणजे उकळलेले दूध, यातला ‘बॉइल्ड’ही पार्टिसिपल आहे, भूतकाळी. जेरंड मात्र ‘इंग’वाचून होत नाही.

शेवटी एक गोष्ट मुलांच्या पालकांसाठी. 2002 मध्ये निघालेल्या केंब्रिजच्या मोठ्या इंग्रजी व्याकरणात या दोन रूपांना ‘जेरंड-पार्टिसिपल’ असे एकच नाव दिले आहे, कारण त्या लेखकांच्या मते रूप एकच आहे, फरक कामाचा आहे. तेव्हा मुलांच्या पुस्तकात वेगळे नाव दिसले, तर पुस्तक चुकले असे समजू नये. नाव कोणतेही असो, तलाव पोहतो की आपण तलावात पोहतो, हे मराठीत विचारून पाहावे.

यंदाच्या निमंत्रणाची इंग्रजी प्रत छापण्यापूर्वी त्या नातीला दाखवायची, असे आम्ही ठरवले आहे.