नागपूर ते अमरावती: सहा दिवसांचे तीन तास

नागपूर ते अमरावती साधारण दीडशे किलोमीटर. आज मोटारीने जेमतेम तीन तास.

भरलेली बैलगाडी मात्र ताशी तीन किलोमीटर चाले. बैलांना वैरण, पाणी आणि निवांत रवंथ लागे. म्हणून दुपारी गाडी सोडून बैल सावलीत बांधत. दिवसाला पंचवीस किलोमीटर झाले तरी पुष्कळ. दुसऱ्या मुक्कामाला कोंढाळी, चौथ्याला तळेगाव, सहाव्या दिवशी अमरावती. हलक्या ओझ्याचा धडधाकट माणूस पायी पाच दिवसांत पोहोचे.

हा हिशेब उन्हाळ्या-हिवाळ्याचा. पावसाळ्यात काळ्या मातीत चाकं रुतत आणि वाहतूक अडे.

१८६७ मध्ये नागपूरला रेल्वे आली नि लांबचे मुक्काम गळाले.

तुमच्या घरच्या जुन्या माणसांनी बैलगाडीने कुठवर प्रवास केला होता? कमेंटमध्ये जरूर लिहा.