खिडकीपलीकडून ‘नाही’ आलं की

बोलायला शिकवणाऱ्या पुस्तकांत तिकीट खिडकीवरचा एक धडा बहुतेक वेळा असतो. प्रवासी म्हणतो, ‘मला नागपूरचं तिकीट पाहिजे.’ क्लार्क म्हणतो, ‘हे घ्या.’ पैसे देऊन झाले की धडा संपतो. पुण्यात कामासाठी आलेल्या ओडिया, तमिळ, बंगाली मंडळींना मी मराठी बोलायला शिकवते. हा धडा पाठ करून खिडकीवर गेलेला माणूस दुसऱ्याच वाक्याला गोंधळतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. त्याचं स्वतःचं वाक्य चुकत नाही. समोरून जे येतं, ते धड्यात कुठेच नसतं.

आरक्षणाच्या खिडकीवर बोलणं मुळात थोडंच असतं, कारण सांगायचं ते सगळं अर्जात लिहिलेलं असतं: गाडीचा नंबर, प्रवासाची तारीख, वर्ग, कुठून कुठे, आणि प्रवाशांची नावं, वय, स्त्री की पुरुष. एका अर्जावर सहा नावं लिहिता येतात. अर्ज नीट भरलेला असेल आणि जागाही असेल, तर तोंड न उघडताही तिकीट हातात पडतं. तोंड उघडावं लागतं ते जागा नसते तेव्हा. म्हणून सरावाचा संवाद नकारापासून सुरू व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे. मी वर्गात वापरते तो संवाद असा आहे. यातली गाडी, वेळ आणि भाडं सरावापुरतं ठरवलेलं आहे. प्रवासी पुण्याहून अकोल्याला निघाला आहे, बरोबर बायको आणि अडुसष्ट वर्षांची आई आहे.

प्रवासी: (अर्ज आत सरकवत) अकोल्याची तीन तिकिटं द्या, मॅडम.

क्लार्क: चौदा तारखेला स्लीपर वेटिंग आहे. एकोणतीसपासून.

प्रवासी: एकोणतीस म्हणजे वीस आणि नऊ ना?

क्लार्क: हो. देऊ का?

प्रवासी: नको, आई बरोबर आहे. थ्री एसीला बघता का?

क्लार्क: थ्री एसीला आरएसी आहे.

प्रवासी: म्हणजे बसायला तरी मिळेल?

क्लार्क: बसायला मिळेल. झोपायला मिळेल का, ते चार्ट लागल्यावर कळेल.

प्रवासी: मग पंधराला स्लीपर आहे का?

क्लार्क: पंधराला आहे. पण गाडी रात्री बारा दहाची आहे, बघा. पंधराचं तिकीट म्हणजे चौदाच्या रात्री स्टेशनवर यायचं.

प्रवासी: आम्हाला चौदाच्या रात्रीच निघायचंय! म्हणजे पंधराच बरोबर.

क्लार्क: मग अर्जावर तारीख बदला आणि सही करा. अकराशे पंच्याऐंशी.

प्रवासी: ऐंशी आणि पाच? हे घ्या बाराशे.

क्लार्क: पाच सुटे आहेत? हे वीस घ्या. एक खालची, एक मधली, एक वरची आली आहे.

प्रवासी: खालची आईच्या नावावर आहे ना?

क्लार्क: तिकिटावर बघून घ्या.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं वळण तारखेचं आहे. चौदाच्या रात्री निघायचं म्हणून प्रवाशाने अर्जावर चौदा लिहिलं. पण रेल्वेची तारीख मध्यरात्री बदलते. बारा वाजून दहा मिनिटांनी सुटणाऱ्या गाडीसाठी चौदा तारीख म्हणजे तेराची रात्र. तिकीट त्याच तारखेला मिळालं असतं, तर हे कुटुंब चौदाच्या रात्री बॅगा घेऊन फलाटावर आलं असतं आणि त्यांची गाडी चोवीस तासांपूर्वीच निघून गेलेली असती. ही चूक मराठी घरांतही होते, कारण आपल्या बोलण्यात रात्र आधीच्या दिवसाचीच असते. ‘शुक्रवारी रात्री बारा दहाची गाडी’ असं आपण सहज म्हणतो, तिकिटावर मात्र शनिवार असतो. म्हणून बारा ते पहाटेच्या वेळेतली गाडी असेल, तर शिकणाऱ्याने एक वाक्य पक्कं करावं: ‘म्हणजे कोणत्या तारखेच्या रात्री यायचं?’ सगळे क्लार्क आपणहून सांगतील असं नाही, मागे रांग उभी असते. ‘परवा’ हा शब्दही खिडकीवर टाळावा. मराठीत तो मागेही जातो आणि पुढेही. तारीखच सांगावी.

दुसरी अडचण आकड्यांची. मराठीत एक ते शंभरपर्यंतचे आकडे जवळजवळ एकेक करून पाठ करावे लागतात. तमिळ किंवा तेलुगू बोलणाऱ्याला ‘वीस-नऊ’ अशी सरळ जोडणी ठाऊक असते, त्याला ‘एकोणतीस’मधलं ‘तीस’ तेवढं ऐकू येतं. मग वेटिंगचा नंबर तिसाच्या पुढे गेला असं तो समजतो. ‘एकोण’ ऐकू आलं की पुढच्या दशकातून एक वजा करायचा, हे कानाला लागेपर्यंत वेळ जातो. रकमेत वेगळीच गंमत आहे. आरक्षित तिकिटाचं भाडं बहुधा शून्यावर किंवा पाचवर संपतं, त्यामुळे खिडकीवर पंचेचाळीस, पंचावन्न, पासष्ट, पंच्याहत्तर, पंच्याऐंशी, पंच्याण्णव हेच आकडे फिरून फिरून येतात. शेवटचे तीन तर सुरुवातीला अगदी सारखे वाजतात. मी वर्गात शंभर आकडे घोकून घेत नाही, आधी हे सहाच घेते. ते उलटसुलट क्रमाने, भराभर म्हणायचे आणि समोरच्याने लगेच लिहायचे. त्यातच ‘अकराशे’, ‘बाराशे’, ‘दीड हजार’, ‘अडीचशे’ मिसळायचे, कारण ‘एक हजार एकशे पंच्याऐंशी’ असं खिडकीवर क्वचितच कोणी म्हणतं.

आकडा कळला नाही तर ‘पुन्हा सांगा’ म्हणून फारसा उपयोग होत नाही. समोरून तोच शब्द त्याच वेगाने येतो. आकडा फोडून विचारावा. ‘ऐंशी आणि पाच?’ म्हटलं की क्लार्कला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच म्हणावं लागतं आणि आपलीही खात्री होते. संवादातल्या प्रवाशाने हे दोनदा केलं आहे, ते मुद्दाम.

गावांची नावंही कानाला चकवतात. पाटीवर ‘पुणे’ असतं, बोलण्यात ‘पुण्याहून’ येतं. ठाणे ‘ठाण्याला’ होतं, वर्धा ‘वर्ध्याला’, बडनेरा ‘बडनेऱ्याला’, मिरज ‘मिरजेला’. नागपूर, जळगाव, सांगली मात्र जसंच्या तसं राहून पुढे ‘ला’ घेतात. शिकणाऱ्याने ‘पुणेहून अकोलाला’ म्हटलं तरी क्लार्कला कळतं, त्यामुळे बोलताना फारसं बिघडत नाही. ‘हा डबा बडनेऱ्यापर्यंतच आहे’ हे ऐकताना बडनेरा ओळखू आलं नाही, तर बिघडतं. म्हणून नकाशावरचा एकच मार्ग घ्यावा. पुण्याहून अकोल्याला जाताना दौंड, मनमाड, भुसावळ लागतं, तेवढीच नावं ‘ला’, ‘हून’ आणि ‘पर्यंत’ लावून म्हणावीत.

‘कृपया’ मी या संवादात ठेवलेलं नाही. तो शब्द पाटीवर आणि उद्घोषणेत असतो. खिडकीवर ‘तीन तिकिटं द्या’ हे पुरेसं आदराचं आहे, कारण ‘द्या’मध्ये आदर आहेच. त्यापुढे मॅडम, साहेब, ताई, दादा जे शोभेल ते लावावं. विनंती हळुवार करायची असेल तर ‘बघता का?’ हे फार उपयोगी पडतं. त्यात हट्ट नाही, आणि क्लार्कला दुसरी गाडी किंवा दुसरा वर्ग शोधून द्यायला जागा राहते.

आता वेटिंग आणि आरएसीबद्दल. अर्थ ठाऊक नसेल तर ‘देऊ का?’ या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. आरएसी मिळालं की गाडीत चढता येतं. बाजूच्या खालच्या बर्थवर दोघांना मिळून बसायची जागा असते, आणि कोणी तिकीट रद्द केलं तर झोपायला बर्थ मिळते. भाडं पूर्ण द्यावं लागतं. चार्ट लागल्यावरही वेटिंगच राहिलं, तर आरक्षित डब्यात बसता येत नाही. खिडकीवरून काढलेलं असं तिकीट आपोआप रद्द होत नाही. गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधीपर्यंत ते रद्द करावं लागतं, मग थोडी रक्कम कापून बाकीचे पैसे मिळतात. ऑनलाइन काढलेलं वेटिंगचं तिकीट मात्र आपोआप रद्द होतं. आईला घेऊन निघालेल्या माणसाने स्लीपरचं वेटिंग ‘नको’ म्हणणं म्हणूनच शहाणपणाचं आहे.

आईच्या वयाचा उल्लेख संवादात नाही, कारण ते अर्जावर आहे. साठ वर्षांवरील पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया यांना शिल्लक असेल तर खालची बर्थ देण्याची सोय संगणकातच आहे. भाड्यातली ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 पासून बंद आहे, तेव्हा त्यासाठी वाक्य तयार करू नये. तारीख बदलण्याची तयारी ठेवायची तर लवकर जावं. 1 नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडतं, त्याआधी ही मुदत एकशेवीस दिवसांची होती.

घरी सराव करताना दोघांनी संवाद वाचू नये. वाचताना दोघांनाही पुढचं वाक्य दिसतं आणि ऐकण्याची गरजच उरत नाही. क्लार्क होणाऱ्याने एका कागदावर तीन तारखा लिहाव्यात. प्रत्येकीपुढे स्लीपर आणि थ्री एसीची स्थिती, गाडीची वेळ आणि भाडं लिहावं, आणि तो कागद समोरच्याला दाखवू नये. प्रवाशाच्या कागदावर फक्त गरज असावी: कोण कोण आहे, केव्हापर्यंत पोचायचं आहे, किती पैसे आहेत. एकदा स्लीपर मिळू द्यावं, एकदा फक्त आरएसी, एकदा काहीच नाही. शेवटी प्रवाशाने गाडी, तारीख, कोणत्या रात्री निघायचं आणि किती पैसे दिले, हे कागदावर लिहून क्लार्कच्या कागदाशी ताडून पाहावं. तिथे फरक निघाला तर तेवढाच भाग पुन्हा बोलावा.

शेजारी राहायला आलेल्या कुटुंबासाठी किंवा परप्रांतातून आलेल्या सुनेसाठी तुम्ही क्लार्क होणार असाल, तर एक विनंती. हळू बोलू नका आणि अडलं की लगेच हिंदीकडे वळू नका. ‘स्लीपर वेटिंग, एकोणतीस, देऊ का?’ हे खिडकीवर ज्या वेगाने येतं, त्याच वेगाने म्हणा, आणि मग समोरचा आकडा फोडून विचारेपर्यंत थांबा.